दोन टक्के महागाई कशासाठी? कट्ट्यावर रंगलेला एक वाद

अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका वर्षाला दोन टक्के महागाईचे उद्दिष्ट ठेवतात, आणि कट्ट्यावरच्या वकिलांचा त्यावर आक्षेप सरळ होता. वर्षाला दोन टक्के महागाई म्हणजे पस्तीस वर्षांत पैशाची किंमत निम्मी. ज्या संस्थेकडे चलनाचे मूल्य राखण्याचे काम सोपवलेले आहे, तीच संस्था हे मूल्य दरवर्षी थोडेथोडे घटवण्याचे उद्दिष्ट उघडपणे जाहीर करते, आणि ते साधले की स्वतःची पाठ थोपटून घेते. मीटरची पट्टी दरवर्षी दोन टक्क्यांनी आखडली तर तिला कोणी प्रमाण मानील काय? उद्दिष्ट ठेवायचेच असेल तर ते शून्य असावे, किंबहुना किंमती किंचित उतरत्या राहिल्या तरी काय बिघडले, असे त्यांचे म्हणणे होते. बँकेतून निवृत्त झालेले काका अशा वेळी बहुधा मधली बाजू घेतात. पण निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस या विषयात तटस्थ राहू शकत नाही, म्हणून तेही वकिलांच्या बाजूला गेले.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांनी आधी एक किरकोळ मुद्दा निकालात काढला. महागाईचा निर्देशांक ती प्रत्यक्षाहून थोडी जास्त दाखवतो, कारण वस्तूंचा सुधारलेला दर्जा आणि ग्राहकाने स्वस्त पर्यायाकडे वळणे या गोष्टी त्यात पुरत्या उतरत नाहीत. अमेरिकेत 1996 मध्ये बॉस्किन आयोगाने ही चूक वर्षाला सुमारे 1.1 टक्के असल्याचा अंदाज दिला होता. म्हणजे मोजलेली महागाई शून्यावर आणली, तर खऱ्या किंमती बहुधा घसरत असतील. वकील म्हणाले, "मग मोजमाप सुधारा, उद्दिष्ट कशाला वाढवता?" हे मास्तरांनी मान्य केले आणि खरा वाद इथे नाहीच, असे सांगितले.

खरा वाद त्यांच्या मते त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या बंद बैठकीत झाला. (या बैठकांची शब्दशः इतिवृत्ते पाच वर्षांनी खुली होतात, म्हणून तो आपल्याला वाचता येतो.) तिच्या संचालक मंडळावरच्या अर्थशास्त्रज्ञ जॅनेट येलेन यांनी अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांना भावस्थैर्याची व्याख्या विचारली. लोक आपले निर्णय घेताना किंमतींच्या अपेक्षित बदलाचा विचार करेनासे होतात ती स्थिती, असे उत्तर आले. आकडा सांगा, असा आग्रह धरल्यावर ग्रीनस्पॅन यांनी सांगितले की महागाई नीट मोजली तर तो आकडा शून्य. येलेन यांनी दोन टक्क्यांची बाजू मांडली, आणि त्यांचा मुख्य आधार होता पगार.

तो मुद्दा मास्तरांनी उदाहरणाने उलगडला. शंभर कामगारांचा एक कारखाना आहे, त्याच्या मालाची मागणी घटली आहे, आणि तग धरायचा तर मजुरीचा खरा भार दोन टक्क्यांनी हलका व्हायला हवा. बाहेर महागाई दोन टक्के असेल, तर मालकाला एवढेच जाहीर करावे लागते की यंदा पगारवाढ नाही. कुरकूर होते, पण काम चालू राहते. महागाई शून्य असेल, तर मात्र प्रत्येकाच्या पगारातून दोन टक्के प्रत्यक्ष कापावे लागतात. ट्रूमन ब्यूली या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेत मंदीच्या काळात शेकडो मालकांशी आणि व्यवस्थापकांशी बोलून पगारकपात का होत नाही याचा शोध घेतला, तेव्हा बहुतेकांच्या उत्तराचा गाभा एकच निघाला: कपातीने सगळ्यांचे मन कामावरून उडते, तर कामावरून काढलेला माणूस निदान आपली नाराजी घेऊन बाहेर जातो. त्यामुळे शून्य महागाईत मालक पगार कापत नाही, दोन-तीन माणसे कमी करतो. अर्थव्यवस्थेत कोणत्याही वर्षी काही उद्योग चढते आणि काही उतरते असणारच. उतरत्यांपैकी प्रत्येकाने असे केले, तर बेकारीचा एक कायमचा थर साचतो. येलेन यांचे पती जॉर्ज ॲकरलॉफ आणि त्यांचे दोन सहकारी यांनी त्याच वर्षी हा हिशेब सविस्तर मांडला होता.

"म्हणजे कामगाराला कळू न देता त्याचा पगार कापायचा," वकील म्हणाले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. मास्तरांचे उत्तर असे की कामगाराला महागाई कळते. पण वाढ न मिळणे सगळ्यांच्या वाट्याला सारखे येते आणि त्यात कोणी आपला अपमान केल्याची भावना नसते. माझ्या मते हे उत्तर अर्धेच आहे. वकिलांनी जपानचा दाखला देऊन ते आणखी तोकडे केले: तिथे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून पगार खरोखरच उतरले, मुख्यतः बोनसमधून, आणि बेकारी 2002 मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबली. पगार खाली येतच नाहीत, हा काही निसर्गाचा नियम नव्हे.

"जपान तुम्हीच काढलात ते बरे झाले," मास्तर म्हणाले, आणि चर्चा व्याजदराकडे वळली. दोन टक्क्यांच्या समर्थनातला सर्वांत भक्कम भाग हाच आहे.

कर्ज घेणारा जो दर पाहतो त्यातून अपेक्षित महागाई वजा केली की खरा व्याजदर उरतो. अर्थव्यवस्था ना तापलेली ना थंडावलेली असताना हा खरा दर एक टक्का असतो, असे धरू. महागाई दोन टक्के असेल, तर मध्यवर्ती बँकेचा दर सामान्य काळात तीन टक्के राहील. महागाई शून्य असेल, तर एकच टक्का. मंदी आली की बँक दर कापते. अमेरिकेत सप्टेंबर 2007 च्या सुरुवातीला हा दर 5.25 टक्के होता, आणि डिसेंबर 2008 मध्ये तो शून्य ते पाव टक्क्यापर्यंत आणला गेला. पाच टक्क्यांची कपात करूनही ती पुरली नाही, आणि मोठ्या प्रमाणावर रोखे विकत घ्यावे लागले. एका टक्क्यापासून सुरुवात केली असती, तर हाताशी काय उरले असते?

"शून्याच्या खाली जा," वकिलांनी सुचवले. स्वित्झर्लंडने उणे पाऊण टक्का दर ठेवून दाखवला होता. इथे काका बोलले, कारण हा त्यांचा प्रांत होता. ठेवीवर पैसे कापले जाऊ लागले की ठेवीदार नोटा काढून घरात ठेवतो. नोटा सांभाळण्याचा, विम्याचा, वाहतुकीचा खर्च येतो, म्हणून थोडे खाली जाता येते, पण फार नाही. शिवाय सामान्य ठेवीदाराकडून पैसे कापायला बँका धजत नाहीत, आणि मग तो भार त्यांच्याच नफ्यावर पडतो.

जपानने 1999 च्या फेब्रुवारीत दर जवळजवळ शून्यावर आणला. किंमती मात्र वर्षाला एखाद टक्क्याच्या आतबाहेर घसरतच होत्या. दर शून्य आणि किंमती उणे एक, म्हणजे खरा व्याजदर एक टक्का, आणि तोही अशा वेळी, जेव्हा तो शून्याच्या बराच खाली हवा होता. बँकेला आणखी खाली जाता येईना. घसरण जितकी वाढेल तितके कर्ज महाग, कर्ज महाग म्हणून मागणी कमी, आणि मागणी कमी म्हणून पुन्हा घसरण. जपानात हे चक्र भडकले नाही, पण वर्षानुवर्षे सुटलेही नाही. 2013 च्या जानेवारीत त्यांनीही अखेर दोन टक्क्यांचे उद्दिष्ट स्वीकारले.

काकांची बाजू बदलली ती कर्जाच्या हिशेबाने. मास्तरांनी त्यांनाच तो करायला सांगितला. कर्जदाराचे उत्पन्न 100, ठरलेला हप्ता 40. उत्पन्न किंमतींबरोबर वर्षाला तीन टक्क्यांनी घसरले, तर पाच वर्षांनी ते 86 होते आणि हप्ता उत्पन्नाच्या जवळजवळ 47 टक्के खातो. तेच उत्पन्न दोन टक्क्यांनी वाढत गेले, तर 110 होते आणि हप्त्याचा वाटा 36 टक्क्यांवर येतो. करारातला एकही आकडा बदललेला नसतो. अमेरिकेत 1929 ते 1933 दरम्यान किंमती सुमारे एक चतुर्थांश घसरल्या तेव्हा कर्जदार आपली मालमत्ता मिळेल त्या भावाने विकू लागले, त्याने किंमती आणखी पडल्या, आणि उरलेले कर्ज आणखी जड झाले. अर्व्हिंग फिशर यांनी 1933 मध्ये ही साखळी मांडली होती. "बुडीत खाती वाढली की ठेवीदारही सुरक्षित नसतो," काका म्हणाले. हे त्यांनी बँकेतल्या माणसाच्या नात्याने म्हटले, निवृत्तिवेतनधारकाच्या नव्हे.

वकील डगमगले नाहीत. 1873 ते 1896 या काळात अमेरिकेत किंमती उतरत होत्या आणि उत्पादन मात्र जोमाने वाढत होते. शिवाय खुद्द मिल्टन फ्रीडमन यांनी 1969 मध्ये मांडले होते की बाजारातला व्याजदर शून्य राहील इतकीच किंमतींची घसरण सर्वांत हितकर, कारण मग रोकड बाळगण्याचा काहीच तोटा उरत नाही. पहिल्यावर मास्तरांचे म्हणणे असे की उत्पादकता वाढून किंमती उतरणे आणि मागणी आटून उतरणे यांत फरक आहे. आणि तरीही त्या काळातले अमेरिकी कर्जबाजारी शेतकरी इतके संतापले होते की 1896 ची अध्यक्षीय निवडणूक चलनाच्या प्रश्नावर लढली गेली. दुसऱ्यावर ते थोडक्यात बोलले: त्या मांडणीत पगार आणि किंमती हव्या तशा वळतात, म्हणून आजवर एकाही मध्यवर्ती बँकेने ती धोरण म्हणून घेतलेली नाही.

"मग चार का नको?" हा वकिलांचा सर्वांत नेमका प्रश्न होता. व्याजदर कापायला जागा हवी हेच कारण असेल, तर चार टक्क्यांत ती अधिक मिळते. ऑलिव्हिए ब्लांशार यांनी 2010 मध्ये हा पर्याय जाहीरपणे चर्चेत आणलाही होता. मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितले की दोन हा आकडा कोणत्याही समीकरणातून पडलेला नाही. दोनच्या आसपास माणसे महागाई विसरून करार करू शकतात, चारला ती लक्षात येऊ लागते, आणि एकदा चार केले की सहाची मागणी येईल अशी भीती असते. न्यूझीलंडने 1990 मध्ये शून्य ते दोनचा पट्टा ठेवला, 1996 मध्ये तो शून्य ते तीन केला, आणि 2002 मध्ये एक ते तीन. पट्ट्याचा मध्य एकवरून दीडवर आणि दीडवरून दोनवर गेला. शून्याच्या जवळ राहून पाहिलेला देश बारा वर्षांत शून्यापासून दूर सरकला, यात मला तरी सिद्धांतापेक्षा अधिक वजन दिसते.

शेवटी वकिलांनी 2022 काढले. जूनमध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. पुढे महागाईचा दर खाली आला, पण किंमती चढल्या त्या चढल्याच. दोन टक्क्यांचे वचन असेल, तर जादा चढलेले परत उतरवायला नको काय? मास्तरांनी ब्रिटनकडे बोट दाखवले. पहिल्या महायुद्धात चढलेल्या किंमती खाली आणून 1925 मध्ये पौंड पुन्हा युद्धपूर्व भावाने सोन्याशी बांधला गेला. निर्यात महाग झाली, खाणमालकांनी मजुरी कापायचे ठरवले, आणि 1926 च्या मे महिन्यात सार्वत्रिक संप झाला. खाणकामगार त्यानंतरही कित्येक महिने कामावर गेले नाहीत आणि अखेर कमी मजुरीवरच परतले. त्या दशकातील बहुतेक वर्षे तिथली बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास राहिली.

वकिलांनी शून्याचा आग्रह सोडला. मात्र लक्ष्य चुकलेल्या बँकेने जादा महागाईची भरपाई कधीच करायची नाही, हा नियम ठेवीदाराच्या डोक्यावर बसतो, हे त्यांचे म्हणणे कायम राहिले, आणि त्यावर मास्तरांकडे खोडून काढण्याजोगे उत्तर नव्हते.