डोळ्यांना दिसतं ते सांगायला धून लागत नाही

"अरे, व्हिलन आला की तीच धून, हिरो आला की तीच धून. डोळे आहेत की आम्हाला, कोण आलं ते दिसतंय! यात कसलं आलंय थोर संगीत? आपल्याकडे एका पिक्चरला आठ नव्या चाली सुचायच्या." (आतेभाऊ, घरच्या ग्रुपवर)

त्याला चाळीस अंगठे मिळाले. मी इथे फिनलंडमध्ये ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून ते वाचलं आणि जेवण गार झालं. आतेभाऊ हार्मोनियम उत्तम वाजवतो, त्याच्या कानाबद्दल मला शंका नाही. पण हे वाक्य मी तिकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. त्याच्या आधी हे कुणी म्हटलं नाही असंही नाही. तत्त्वज्ञ अडोर्नो आणि संगीतकार आइसलर या दोघांनी 1947 साली हाच आक्षेप पुस्तकात मांडला: समोर दिसणाऱ्या माणसाच्या नावाची ललकारी देणारा चोपदार, एवढंच काम सिनेमात पात्राला चिकटलेल्या या धुनेला उरतं. फरक इतकाच की त्यांचा रोख सिनेमातल्या तिच्या वापरावर होता. आतेभाऊ सगळीच धून मोडीत काढतो.

'स्टार वॉर्स'चा खलनायक डार्थ वेडर, त्याची धून घेऊ, कारण ग्रुपवर तिचंच नाव निघालं. एका मामांनी लगेच लिहिलं की 1977 च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये तो दारातून आत येतो तेव्हापासून ती वाजतेय. अर्धं बरोबर आहे. माणूस 1977 चा, धून 1980 ची. पहिल्या चित्रपटात वेडरला जॉन विल्यम्सने दुसरंच एक छोटं सूत्र दिलं होतं, ते आज कुणाला आठवत नाही. आपल्या डोक्यात बसलेली ती लष्करी कूचाची धून पुढच्या चित्रपटातली आहे. आठवण मागे जाऊन पहिल्या चित्रपटालाही तीच धून चिकटवते, आणि मला वाटतं इतकं घट्ट नातं जुळवणं हेच संगीतकाराचं यश.

ते कसं जुळलं तेही बघा. चाल हार्मोनियमवर दोन मिनिटांत बसते: सा सा सा, खाली मंद्रातला कोमल धैवत, वर कोमल गंधार, परत सा. पुन्हा धैवत, गंधार, सा. लहान मूलही गुणगुणेल, आणि ते मुद्दाम आहे. पुढे मोडायची असेल तर चाल आधी अशीच लख्ख ओळखीची हवी. भीती चालीत नाही, खालच्या कॉर्डमध्ये आहे. सा वरच्या मायनर कॉर्डला लागून कोमल धैवतावरचाही मायनर कॉर्ड येतो. त्यामुळे कान जिथे षड्जाची वाट पाहतो तिथे शुद्ध निषाद उभा राहतो, आणि काहीतरी वाकडं चाललंय हे न कळता कळतं. वरून पितळी वाद्यं आणि न ढळणारा ठेका. ताफा अंतराळात पसरलेला दिसतो तेव्हा ही धून पूर्ण, स्वच्छ वाजते. इथपर्यंत आतेभाऊ म्हणतो तसंच आहे, चोपदार ललकारी देतोय.

पण 1983 च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये वेडर मरतो तेव्हा काय होतं? मुखवटा निघालेला, खाली एक म्हातारा, थकलेला माणूस. तीच चाल येते, पण ठेका नाही, पितळेचा दणका नाही. स्वर उंच आणि विरळ, आणि शेवटी हार्पवर एकेक करून सुटतात. डोळ्यांना दिसतो बाप आणि मुलगा. हाच तो, आणि आता तो तसा उरला नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी फक्त कान ऐकतो. नव्या चालीला हे जमलं नसतं, कारण नव्या चालीला भूतकाळ नसतो. 1999 च्या चित्रपटात तोच माणूस लहान मुलगा आहे. त्याची धून गोड, निरागस, आणि तिच्या शेवटच्या वळणात तेच मोठेपणीचे स्वर हळूच डोकावतात. पडद्यावर त्या मुलात वाईट काहीच दिसत नसतं. 'डोळे आहेत की' म्हणणाऱ्याला माझं उत्तर हे आहे.

आमच्या आबो शहरात गेल्या हिवाळ्यात 'रिटर्न ऑफ द जेडाय' ऑर्केस्ट्रासह होता. हार्पच्या त्या स्वरांना सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिकडे अशा जागी फोन वाजला असता, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

ग्रुपवर एकच माणूस नीट बोलला, आमचा व्हायोलिन वाजवणारा मित्र, ज्याने रेकॉर्डिंगच्या खुर्चीत आयुष्य काढलंय. त्याने विचारलं, "पहिल्या चित्रपटात म्हातारा जेडाय बेन केनोबी मरतो तेव्हा राजकन्या लिआची धून का? तिचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न खरा आहे. तिथे विल्यम्सने पात्राचा विचार बाजूला ठेवला. त्या क्षणाला हवा तो मोठा, भरून येणारा आवेग लिआच्या चालीत होता, म्हणून त्याने ती घेतली. बेनची स्वतःची म्हणून सुरू झालेली चालही पुढे त्याच्यापुरती न राहता त्या कथेतल्या गूढ शक्तीची, 'फोर्स'ची झाली. म्हणजे धून आणि माणूस यांची गाठ सुटते, सरकते. मित्राच्या मते हे सैल काम आहे. माझ्या मते नाही, पण त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

हे सगळं मी इथल्या एका सहकाऱ्याला सांगत होतो. बोलता बोलता त्याला 'शोले' दाखवला: व्हरांड्यात बसून माउथ ऑर्गन वाजवणारा जय, वर एकेक दिवा मालवणारी राधा. तो छान हसला आणि म्हणाला, "हे तर मॉरिकोनेचं." मॉरिकोनेचं संगीत असलेल्या, दिग्दर्शक लिओनेच्या 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' या वेस्टर्नमध्ये माउथ ऑर्गन वाजवणारा नायक आहे, हे त्याला पाठ. मला इतका राग आला की मी आतेभावाच्याही वरच्या पट्टीत गेलो. वाद्य तेच असेल, मुलुखही वेस्टर्नचाच असेल, पण तिकडे तो आवाज भावाच्या मरणाचा आणि सुडाचा आहे. इथे, भानू गुप्तांच्या फुंकेत, तो दोन माणसांमधल्या न बोललेल्या गोष्टीचा आहे. जय आणि राधा एकमेकांजवळ प्रेमाची कबुली देत नाहीत. आर. डी. बर्मनची ती चाल सोडली तर त्या प्रेमाला पडद्यावर जवळजवळ काहीच नाही. सहकाऱ्याने मान डोलावली, सभ्यपणे. त्याला ऐकू आलं नव्हतं.

तेव्हा जे वाटलं ते लिहितो. वेडरची धून मी मोठेपणी शिकलो, स्वरलिपी पुढे ठेवून, आणि त्या सभागृहात सगळ्यांबरोबर गहिवरायला मला थोडे कष्ट पडतात. माउथ ऑर्गनची शिकावी लागली नाही. म्हणून ग्रुपवर मी इथला असल्यासारखा भांडतो आणि कँटीनमध्ये तिकडचा असल्यासारखा.

आतेभावाला मी शेवटी एवढंच विचारलंय: ती माउथ ऑर्गनची चाल जयची की राधाची? वाजवतो तो, पण ती ऐकू येते तेव्हा मला दिवे मालवणारी तीच दिसते. मी राधाची म्हणतो. व्हायोलिनवाला मित्र जयची म्हणतो, कारण वाद्य त्याच्या हातात आहे. आतेभावाने अजून उत्तर दिलेलं नाही, पण चाल हार्मोनियमवर वाजवून पाठवलीय.