सरांनी प्रॅक्टिस रद्द केली, बरं केलं

आज दुपारी मुलाच्या फुटबॉल बॅचच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला. "नमस्कार पालकहो. आज ४५ अंशांचा अंदाज आहे. संध्याकाळी ५ ची प्रॅक्टिस रद्द. त्याऐवजी रविवारी सकाळी ६ ते ७.१५. पहिली वीस मिनिटं हलकं खेळू, दर पंधरा मिनिटांनी पाणी. ज्यांना नुकताच ताप किंवा जुलाब झालेत त्यांनी येऊ नये."

एवढा नेटका मेसेज, आणि खाली काय उत्तरं! "फी तर पूर्ण महिन्याची घेता." "आम्ही काय एसीत वाढलो का?" "पुढच्या आठवड्यात मॅच आहे सर." एकानेही "मुलांची काळजी घेतली, धन्यवाद" म्हटलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात राहून आपण असं बोलतो?

माझा मावसभाऊ शाळेत असताना अशाच एका संध्याकाळी ग्राउंडवर पडला होता. घामाने पार भिजलेला होता, म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. घाम येतोय म्हणजे पोरगा ठीक आहे, हीच सगळ्यांची समजूत. ऊन लागलं की अंग कोरडं पडतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण पळता पळता ज्याला उष्माघात होतो, त्याचा घाम बरेचदा चालूच असतो. ओळखायचं ते डोक्यावरून, म्हणजे वागण्यावरून. भाऊ मधेच विचारायला लागला, आपला गोल कुठल्या बाजूला? तिथल्या शिक्षकांना वाटलं, नाटकं करतोय. त्याला आणखी एक राउंड मारायला लावला.

हे लिहितानाही हात थरथरतोय माझा.

"पाच वाजता ऊन कुठे असतं" असं एका बाबांनी लिहिलंय. दादा, फोनवर दिसतं ते सावलीतलं तापमान. आपली पोरं खेळतात त्या प्लास्टिकच्या टर्फचा पृष्ठभाग भर उन्हात साठीच्या पुढे जातो आणि संध्याकाळीही वाफा मारत असतो. वरून ऊन, खालून धग, आणि पळताना शरीर स्वतः उष्णता तयार करतं ती वेगळीच. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की ती उष्णता बाहेर टाकायला घामाचं वाळणं एवढाच एक मार्ग उरतो. पाणी कमी पडलं की तोही आटतो. म्हणून तर आदल्या दिवशी जुलाब झालेला मुलगा सगळ्यात आधी कोसळतो. सरांनी ती ओळ उगीच नाही टाकलेली.

बरं, फीचं म्हणणं मला मान्य आहे. पैसे कष्टाचे आहेत. पण सरांनी बदली दिवस दिलाय की!

आणि "रविवारी दोन तास घ्या, भरून काढा" म्हणणाऱ्यांना मात्र मी हात जोडते. उन्हात पळायची सवय शरीराला लागायला दहा-चौदा दिवस जातात आणि मधे खंड पडला की ती हळूहळू सुटते. म्हणूनच पहिली वीस मिनिटं हलकी. सकाळचे सहा यासाठी की रात्रभरात टर्फ निवलेलं असतं. आठनंतर आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. सव्वा तासच बरोबर आहे.

मॅचचं टेन्शन मलाही आहे, नाही असं नाही. माझाही मुलगा त्याच टीममध्ये आहे.

भाऊ वाचला तो शाळेच्या माळीकाकांमुळे. त्यांनी बागेचा पाइप आणला आणि डोक्यापासून पायापर्यंत त्याच्यावर पाणी सोडलं. बाकीचे रिक्षा शोधत धावत होते, तोवर काका एकटे पाणी मारत उभे. आज डॉक्टरही हेच सांगतात: आधी गार करा, मग न्या. थंड पाण्याच्या टबात बसवता आलं तर उत्तम, नाहीतर कपडे काढून सतत पाणी आणि वारा, आणि गार करता करताच १०८ ला फोन. बरळणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. क्रोसिनचा इथे काही उपयोग नसतो. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. काकांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. भाजलेल्या अंगावर पाणी टाकावं तसं त्यांनी टाकलं.

मघाशी मी ग्रुपवर जरा कडक लिहिलं. ज्यांना लागलं असेल त्यांनी लागू द्यावं.

सरांना वेगळा मेसेज केलाय. रविवारी पावणेसहाला येते, बर्फाचा मोठा डबा माझ्याकडून. टर्फच्या नळाला लांब पाइप आहे का ते त्यांना बघून ठेवायला सांगितलंय. दोन जुन्या चादरीही लागतील, भिजवून गुंडाळायला. कुणाकडे असतील तर खाली लिहा.