वडे फुटले, तेल प्यायले: नौपाड्यातल्या आमच्या दुकानाकडून उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय, दोन तारे: ‘आषाढीसाठी आदल्या दिवशी साबुदाणा वड्याचं तयार मिश्रण नेलं. रात्रीच मीठ मिसळून फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी सैल झालं होतं म्हणून घरचं दाण्याचं कूट घातलं. पहिले वडे पटकन लाल झाले, म्हणून गॅस बारीक केला, तर पुढचे तेलाने निथळत होते. दोन तर कढईतच फुटले, थोडक्यात हात वाचला. बटाटा कमी घालतात, दुसरं काय!’

नमस्कार. हात वाचला, हे बरं झालं. पण बटाटा कमी नव्हता. वाटीभर कोरड्या साबुदाण्याला दोन मध्यम उकडलेले बटाटे आणि अर्धी वाटी कूट, हे आमचं माप गर्दीच्या दिवशीही तेच असतं. तुम्ही सगळं क्रमाने लिहिलंत, त्यामुळे कुठे काय झालं ते सांगता येतं.

सुरुवात मिठापासून. सैंधवाची पुडी आम्ही वेगळी देतो ती याचसाठी, की ते तळायच्या अगदी आधी मिसळावं. मीठ मिरची-कोथिंबिरीतलं पाणी ओढून काढतं. रात्रभरात ते पाणी मिश्रणात उतरलं आणि गोळा सैल झाला. साबुदाण्याने तर भिजतानाच पोटात पाणी भरून घेतलेलं असतं. गरम तेलात वड्याचा बाहेरचा थर आधी शिजतो आणि चिकट होऊन बंद होतो, तर आतल्या पाण्याची वाफ होतच राहते. ती बारीक छिद्रांतून निघत राहिली तर वड्याभोवती बुडबुडे दिसतात आणि सगळं ठीक चालतं. पाणी जास्त असेल, गोळा जाड असेल किंवा वळताना आत हवा राहिली असेल, तर वाफ कवच फाडूनच बाहेर येते. अर्धवट भिजलेला दाणाही असाच दगा देतो, पण तो बोटांत दाबला की मधे टणक लागतो, लगेच कळतं.

आता कूट. सैल मिश्रणाला कूट घालणं आपल्याकडे घरोघरी चालतं, आणि नेमका तिथेच घोळ होतो. कूट थोडं पाणी टिपतं, पण त्याला स्वतःला चिकटपणा नाही आणि त्यात तेल भरपूर. धरून ठेवण्याचं काम बटाट्यातल्या शिजलेल्या पिठूळपणाचं असतं. कूट वाढलं की ती पकड सुटते, कडांना भेगा पडतात आणि त्या भेगांतून तेल आत शिरतं. अशा वेळी चमचा-दोन चमचे राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ घालून दहा मिनिटं थांबावं. हे पीठ सुटं पाणी धरून ठेवतं, आणि तेलात शिजलं की दाण्यांमध्ये सिमेंटसारखं बसतं. पण तेही बेतानेच, जास्त झालं तर वडा आतून गच्च होतो.

लाल होण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आषाढात वाशीच्या मार्केटमधून येणारा बटाटा बहुतेक शीतगृहातला असतो. थंडीत राहून त्याच्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते, म्हणून रंग लवकर चढतो. पण रंग आला म्हणून गॅस अगदी बारीक केला की तेल थंड पडतं, त्यात फ्रिजमधला गार गोळा. कवच धरायला वेळ लागतो, वाफेचा जोर कमी पडतो आणि वडा तेल पीत बसतो. आच मध्यम ठेवा, वडा सव्वा सेंटीमीटरच्या आसपास चपटा करा आणि घरच्या कढईत एका वेळी तीन-चारच सोडा. कवच धरेपर्यंत झारा लावू नका. वडा बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. बरंचसं तेल तेव्हाच मुरतं. म्हणून वडे काढल्या काढल्या चाळणीत उभे ठेवावेत, ताटात एकावर एक रचू नयेत.

पुढच्या वेळी आधी लिंबाएवढा एकच गोळा चपटा करून कढईच्या कडेने सोडून बघा, वाकून नको. तेलात विरघळला तर पकड कमी आहे, पीठ घाला. फट् झाला तर पाणी किंवा हवा आहे. अख्खा राहून तेलकट निघाला तर मिश्रणाला हात लावू नका, आच वाढवा.

तुम्हाला पैसे परत हवे असतील तर बिल घेऊन या, त्यावर वाद घालणार नाही. ‘बटाटा कमी’ हे मात्र मान्य नाही. आणि असं सैल झालेलं मिश्रण तळायच्या भानगडीत न पडता तव्यावर तूप सोडून थालीपिठासारखं थापा, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. तिथे वाफेला वरून मोकळी वाट असते, त्यामुळे ते फुटत नाही आणि तेलही पीत नाही.