टॉवेलवाल्या गृहस्थांची कृपा

हॉटेल मॅनेजमेंटला असताना मी रुमालाची बावीस प्रकारची फुलं करायला शिकले. स्वतःबद्दल एक पानभर लिहायची वेळ आली तेव्हा मात्र नाव आणि फोन नंबर टाकून अर्धा तास गप्प बसले. शेवटी चार मैत्रिणींचे रेझ्युमे मागवले. चौघींचंही जीवनध्येय शब्दश: एकच होतं, तेव्हा पाचवी मी.

फ्रंट ऑफिसची नोकरी हवी होती, म्हणून ट्रेनिंगमधल्या फ्रंट ऑफिसला मी मजकुरात मखरात बसवलं. 'सखोल अनुभव', 'उत्कृष्ट गेस्ट हँडलिंग', 'ऑपेरा सॉफ्टवेअरमध्ये पारंगत'. हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस यांना मिळून एक ओळ दिली, तीही बारीक अक्षरात.

मग पान मावसबहिणीला दाखवलं. ताई एका हॉटेलात ड्यूटी मॅनेजर आहे आणि माणसाला नुसत्या भुवईने चेक-आउट करू शकते.

"सखोल म्हणजे किती आठवडे?"

"चार."

"बावीसपैकी?"

"हो. पाच हाउसकीपिंग, सहा किचन, सात सर्व्हिस."

"आणि त्या चारांत काय केलंस?"

पहिला आठवडा बेल डेस्कवर गेला. तिथे हँडल केल्या त्या बॅगा. दुसरा टेलिफोनवर. उरलेले दोन रिसेप्शनला. ताईने सखोल खोडून आठवडे लिहिले. ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर ते छापलेले असतातच, मग खोटं बोलायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

पुढे ऑपेराची पाळी. "बिलावर चार्ज पोस्ट करतेस?" नाही. "रेट बदलतेस?" नाही. प्रत्येक लॉगिनला ठरावीक अधिकार असतात आणि केलेल्या कामाखाली त्या लॉगिनचं नाव उमटतं, त्यामुळे ट्रेनीच्या हाती तिजोरी कोण देईल? मी बुकिंग शोधायचे, आज येणाऱ्यांना रूम नेमून द्यायचे आणि रजिस्ट्रेशन कार्ड छापायचे. बाकी वेळ ताटकळत सीनियरच्या खांद्यावरून बघायचे. 'पारंगत' जाऊन या तीन कामांची नावं आली. ओळ लांबली आणि मी मात्र बुटकी झाले.

"आता गेस्ट हँडलिंग. एक खरा गेस्ट सांग."

इथे मला ३०८ आठवली. ती कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं.

संध्याकाळची शिफ्ट होती, लॉबीत बॅगांचा डोंगर. सिस्टिममध्ये ३०८ रिकामी आणि स्वच्छ दिसत होती. मी ती एका वयस्कर जोडप्याला नेमली आणि शेजारच्या सीनियरने किल्ली दिली. पाचच मिनिटांत आजोबा परत आले. "बाळा, आमच्या खोलीत एक गृहस्थ टॉवेलवर इस्त्री करतायत."

झालं असं होतं: दुपारी ३१२ चा एसी गळू लागला म्हणून तिथल्या गृहस्थांना ३०८ मध्ये हलवलं. किल्ली बदलली, बॅगा गेल्या, पण सिस्टिममध्ये रूम मूव्ह करायचं राहून गेलं. त्यामुळे सिस्टिमच्या हिशेबी गृहस्थ अजून ३१२ मध्येच होते.

आजी-आजोबांना लॉबीत बसवून चहा सांगितला, सीनियरने दुसरी रूम दिली. ती रिकामी आहे ना, हे मी आधी हाउसकीपिंगला फोन करून विचारलं. मग सीनियरने रूम मूव्ह करून गृहस्थांचं बिल तपासलं, कारण नवीन रूममध्ये मागवलेला चहा भलत्याच्या नावावर चढू शकतो. टॉवेलवाल्यांची माफी मागायला मात्र मला पाठवलं. एव्हाना ते शर्टात होते.

सगळ्यात वाईट म्हणजे हाउसकीपिंगचा दुपारचा रूम स्टेटस रिपोर्ट डेस्कवरच पडला होता. त्यात ३०८ भरलेली आणि ३१२ रिकामी, असं स्वच्छ लिहिलेलं. कुणी ताडून पाहिला नव्हता. आणि पाच आठवडे दारं ठोठावत तो रिपोर्ट भरणारी मीच, त्यावर फ्लॉवरपॉट ठेवून उभी होते.

"हे लिही," ताई म्हणाली.

"टॉवेल?"

"रिपोर्ट, अगं!"

मग हाउसकीपिंगची बारीक ओळ मोठी झाली: 'रोज मजल्यावरच्या रूम प्रत्यक्ष तपासून स्टेटस रिपोर्ट भरला.' फ्रंट ऑफिसखाली आलं: 'चुकीच्या स्टेटसमुळे एकच रूम दोघांना दिली गेली तेव्हा नव्या गेस्टची दुसरी सोय होईपर्यंत काळजी घेतली, त्यानंतर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला रिपोर्ट सिस्टिमशी ताडला.' किचनचे सहा आठवडे एका वाक्यात उरकले. तिथे मी मुख्यत: कांदेच सोलले होते.

मुलाखतीत मॅनेजरांनी पान हातात घेतलं, जीवनध्येयावरून नजर सरकवली (ते मी हट्टाने ठेवलं होतं) आणि बोट थेट त्या ओळीवर ठेवलं.

"आधीपासून रूममध्ये होते, ते गेस्ट काही म्हणाले का?"

"फीडबॅक फॉर्मवर लिहून गेले, सर."

"काय?"

"सर्व्हिस उत्तम. फक्त पाहुणे येणार असतील तर आधी कळवावं."