1961 च्या आधीचा कागद

आज सकाळी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर परत तोच मेसेज. जातीवर आरक्षण बंद करा, गरिबीवर द्या, मेरिट मेलं वगैरे. आणि त्याखाली आपल्याच लोकांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो. गेल्या वर्षी बारावी झालेली आमची एक मुलगी, घिसाडी समाजाची. वडील रस्त्याकडेला भाता लावून विळे-कुऱ्हाडी करतात, आई घण मारते. घरातली पहिली बारावी पास. भटक्या जमाती ब, म्हणजे राज्यात अडीच टक्के. इंजिनियरिंगला नंबर लागला, जातीचा दाखला होता, पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नव्हतं. आणि व्हॅलिडिटीसाठी विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, महसुली नोंद, काहीतरी. मी तिच्या वडिलांना विचारलं, तुमच्या वडिलांची शाळा कुठली? ते म्हणाले, "सर, आमी पावसाळ्यात एका गावात आन् दिवाळीला दुसऱ्या. साळा कुठली आली?"

माझ्या आजोबांचा 1938 चा शाळेचा दाखला आमच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मला तो आयुष्यात एकदाही कुठे दाखवावा लागला नाही. ज्यांच्याकडे चार पिढ्यांचे कागद आहेत त्यांना कुणी मागत नाही, आणि ज्यांना गावात पाल ठोकायला जागा मिळत नव्हती त्यांनी कागद आणायचा. मेरिट मेरिट करता ना, मग माझे मार्क माझे एकट्याचे होते का? घरात पुस्तकं होती, कुठल्या क्लासला जायचं हे सांगणारा काका होता, फॉर्म कसा भरायचा हे माहीत असलेली आई होती. तिच्या मार्कांमागे भात्याचा आवाज होता.

आणि गरिबीवर द्याच म्हणत असाल तर ते 2019 पासून दिलेलंच आहे की! ईडब्ल्यूएस, 10 टक्के, 8 लाखांच्या आत उत्पन्न. त्याला कुणी जातीची व्हॅलिडिटी मागत नाही. मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. पण आरक्षण ही गरिबी हटावची योजना नाही हो. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला निम्म्या जागा राखल्या तेव्हा प्रश्न दरबारात खुर्चीवर कोण बसतं हा होता. पैसेवाल्या माणसालाही पंगतीतून उठवलं जात होतं, आणि आजही आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारतात, पगाराची स्लिप बघून नाही.

बरं, एक मान्य करतो. फायदा ठराविक लोकांनाच मिळतो हे खरं आहे, आणि ते मला याच मुलीमुळे नीट कळलं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे बाप, भाऊ, चुलता, कुणाकडे व्हॅलिडिटी असली की पुढच्याचं काम सोपं होतं. म्हणजे जे कुटुंब एकदा आत गेलं ते जातच राहतं आणि बाहेरचं बाहेरच. एका प्रवर्गात पुढे गेलेले आणि पालातले एकाच रांगेत उभे केले तर कोण पुढे जाणार? म्हणूनच 1 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल असं सांगितलं ते मला पटलं. माझे काही मित्र चिडले. त्यांची भीती अशी की आधी आपसात तुकडे होतील आणि मग पात्र उमेदवार नाही म्हणून जागा हळूच खुल्यात जातील. ती भीती खोटी नाही. कागदावर जात लिहून जात घट्ट होते हेही काही अंशी खरं असेल, पण कागदावरून पुसली म्हणून ती गावातून जाणार आहे का?

तर त्या मुलीचं पुढे. आम्ही शोधत शोधत एका गावात तिच्या चुलत आजोबांची 1958 ची नोंद काढली. जनरल रजिस्टरचं पान इतकं जीर्ण की हेडमास्तरांनी खाली पुठ्ठा धरला. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, आणि जातीच्या रकान्यात, लोहार. गुरुजींनी धंदा बघून लिहिलं असणार. पण लोहार ओबीसीत येतात. कागद मिळाला तोच उलटा पडला. केस दक्षता पथकाकडे गेली, गृहचौकशी होणार म्हणाले, प्रवेशाची मुदत संपली, जागा गेली. रजिस्टर बंद झालं तेव्हा वडील काहीच बोलले नाहीत, नुसती टोपी काढून हातात धरली. मला अजून ते आठवलं की घशात येतं.

सकाळी चिडून लिहायला बसलो होतो, आता राग नाही राहिला. ग्रुपवरची तुम्ही माणसं वाईट नाही आहात, माझ्या लग्नात राबलेली आहात. फक्त ते पान तुम्ही पाहिलेलं नाही.

ती सध्या बीएस्सी करतेय. परवा तिच्या आत्याला आठवलं की अजून एका गावात ते लोक पावसाळाभर राहायचे आणि थोरला भाऊ तिथे दोन महिने शाळेत बसला होता. शाळा अजून चालू आहे. मंगळवारी रजा टाकलीय, तिघं जाणार आहोत.