तेल्या ओळखणारं मॉडेल आणि ९८ टक्के

"एमएल प्रोजेक्टच्या व्हायवाला तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अ‍ॅक्युरसी ९५ च्या वर सांगा, मग पुढं कुणी काही विचारत नाही. दोन, कमतरता स्वतःहून काढू नका, विचारलंच तर 'फ्यूचर स्कोप' म्हणा. तीन, एक्स्टर्नल कोड बघत नाही, व्याख्या पाठ करा. पुढच्या बॅचला पाठवा."

पोरांमध्ये फिरणारा हा सल्ला. त्यातल्या पहिल्या गोष्टीपासून घेतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. मी सोलापुरात प्रोजेक्टचा गाईड म्हणून बसतो. ९८ टक्के ऐकून एक्स्टर्नल खूश झालेला मी पाहिलेला नाही, तो खुर्चीत पुढं सरकतो आणि विचारतो, "डेटा कधी विभागला? प्रती काढण्याआधी की नंतर?"

माझ्याकडच्या एका गटाचंच सांगतो. तिघांचा प्रोजेक्ट डाळिंबाचा होता: फळाच्या फोटोवरून तेल्या हा रोग ओळखायचा. एकाचं गाव सांगोल्याकडं, त्यामुळं तीन बागांत फिरून त्यांनी मोबाईलवर २४० फोटो काढले. एवढे कमी पडतात म्हणून प्रत्येक फोटो उलटवून, फिरवून, उजेड कमीजास्त करून चार-चार प्रती केल्या. मूळ फोटो धरून झाले १२००. मग ते पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के चाचणीला घेतले, `MobileNetV2` या तयार मॉडेलवर चढवले आणि ९८ टक्के आले.

आता हिशेब बघा. चाचणीतला एखादा फोटो घ्या. त्याची उरलेली चारही भावंडं चाचणीतच पडली असतील, तरच तो मॉडेलला खरोखर नवा. तशी शक्यता साधारण ०.२ चा चौथा घात, म्हणजे ०.००१६. चाचणीत फोटो २४०. गुणाकार केला तर अर्धा फोटोसुद्धा भरत नाही. म्हणजे जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मॉडेलनं आधीच पाहिलेलं होतं. पेपर फुटला होता, आणि फोडणारे हेच तिघे. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

यावर उपाय म्हणजे आधी विभागणी, आणि तीही फोटोनुसार न करता बागेनुसार. एकाच झाडाचे, एकाच उजेडातले दोन फोटो प्रती नसल्या तरी भावंडंच असतात. प्रत्येक बाग एकदा बाहेर ठेवायची:

```python
from sklearn.model_selection import LeaveOneGroupOut

logo = LeaveOneGroupOut()
for train_idx, test_idx in logo.split(paths, labels, groups=orchard):
    # प्रती फक्त train_idx मधल्या फोटोंच्या काढा
    ...
```

तिसरी बाग बाहेर ठेवली तेव्हा तिच्या ५० फोटोंपैकी ३७ बरोबर आले. ७४ टक्के. "सर, कालपर्यंत चांगलं चाललेलं की!" असं एकजण म्हणाला, आणि चेहरा बघण्यासारखा होता. व्हायवाला आठवडा राहिला होता.

आकडा इतका का पडला, हे शोधायला मी त्यांना एक साधी गोष्ट करायला लावली. फोटोतलं फळ करड्या चौकोनानं झाकायचं आणि मॉडेलला विचारायचं. फळ दिसतच नसताना मॉडेल बऱ्याच फोटोंना ठामपणे "तेल्या" म्हणत राहिलं. मग फोटो समोर पसरून बसलो तेव्हा उलगडलं. पहिल्या दोन बागांत शेतकऱ्यांनी रोगट फळं तोडून बांधावर टाकली होती, आणि पोरांनी तेल्याचे फोटो तिथंच काढले. निरोगी फळांचे फोटो झाडावरचे. मॉडेल शिकलं ते एवढंच की मागं माती दिसली की तेल्या, हिरवं दिसलं की निरोगी. तिसऱ्या बागेत दोन्ही प्रकारची फळं झाडावरच होती, तिथं ही युक्ती चालली नाही.

दुसरा सल्ला मला जास्त खटकतो. मर्यादा म्हणजे आज कुठं आणि किती चुकतंय. फ्यूचर स्कोप म्हणजे उद्या काय करणार. "पुढं मोबाईल अ‍ॅप करू" हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होऊच शकत नाही. एक्स्टर्नल विचारतो, "रोगट फळं किती सुटली?" इथं अ‍ॅक्युरसी कामाची नाही, रिकॉल लागतो, म्हणजे खऱ्या रोगटांपैकी किती पकडले. त्या ५० फोटोंत २० तेल्याचे होते, त्यातले ११ पकडले, ९ सुटले. म्हणजे ५५ टक्के. निरोगी ३० पैकी ४ उगाच रोगट ठरवले. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सुटलेले ९ जास्त महाग, कारण तेल्या जिवाणूजन्य आहे आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर शेजारच्या फळांवर जातो. हे सगळं आम्ही रिपोर्टमध्ये कन्फ्युजन मॅट्रिक्ससकट छापलं. सोबत हेही लिहिलं की फोटो ५० च आहेत. चार फोटो इकडचे तिकडे झाले तरी आकडा ८ टक्क्यांनी हलतो.

त्याहून अवघड प्रश्न लेबलांचा असतो: "हे तेल्याचेच डाग कशावरून?" आमचं उत्तर होतं, "बागमालकांनी ओळखले, आम्ही लिहून घेतले. प्रयोगशाळेत तपासलेले नाहीत." फळाला इंग्रजी एल किंवा वायसारखी भेग पडली की बागमालकाला शंका राहत नाही, पण सुरुवातीचा तेलकट डाग आणि एखाद्या बुरशीचा डाग यांत माणूसही फसतो. म्हणून मॉडेलचा दावा आम्ही स्पष्ट दिसणाऱ्या डागांपुरताच ठेवला. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या दाराशी आहे. निदान काही फोटो तिथल्या जाणकारांना दाखवायला हवे होते. दाखवले नव्हते, आणि विचारल्यावर तसंच सांगितलं.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. सगळे एक्स्टर्नल कोड उघडत नाहीत, हे खरं. पण कोड न उघडताही कोड तपासता येतो. आमच्याकडं आलेल्या सरांनी टेबलावरच्या चहाच्या कपाचा फोटो काढला आणि म्हणाले, "हा टाका." स्क्रीनवर आलं: तेल्या, ०.९७. हा आकडा काढणाऱ्या सॉफ्टमॅक्स सूत्राची व्याख्या तिघांनाही पाठ होती, पण इथं उपयोगी पडलं ते त्याचं वागणं माहीत असणं. गटातली मुलगी म्हणाली, "सर, मॉडेलकडं दोनच कप्पे आहेत आणि दोन्हींचे आकडे मिळून एक व्हायलाच पाहिजे. 'यातलं काहीच नाही' असा कप्पा आम्ही दिलेला नाही. त्यामुळं ०.९७ म्हणजे ९७ टक्के खात्री असं धरू नका."

सरांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि विचारलं, "मग माझ्या भावाच्या बागेत हे वापरू का?"

"फवारणी ठरवायला नको, सर. कुठली फळं आधी जाऊन बघायची, एवढ्यापुरतं चालेल. आणि निरोगी म्हटलेली फळंही बघावीच लागतील, कारण वीसातली नऊ सुटलीत."

पुढचा प्रश्न बागेत झाडं किती, फोटो काढायला वेळ किती लागला, असा होता. कोडकडं ते नंतर वळले, आणि `groups=orchard` ही ओळ त्यांनीच शोधून काढली.