भेट म्हणून पाठवलं, तर वसुली कसली?

“छोट्या व्यावसायिकांनो, जाहिरातीवर पैसे घालवू नका! १) एक ते पाच हजार फॉलोअर असणाऱ्यांना ‘भेट पाठवायची आहे’ म्हणून फक्त पत्ता मागा, बाकी काही बोलू नका. २) वस्तू घेतली की रील टाकणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. आठवड्यात आली नाही तर पाठपुरावा करा. ३) पैसे दिलेले नाहीत म्हणजे ही जाहिरात नाही, लेबल लागत नाही. ४) ५० सॅम्पल म्हणजे ५० रील, म्हणजे किमान ५०० ऑर्डर.”

हा मेसेज माझ्या वहिनीपर्यंत पोचला म्हणून हे लिहितोय. वहिनी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत घरीच कांदा-लसूण मसाला करते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, डंकावर कुटून आणायच्या आणि वर्षभर विकायचं. मेसेज तिला महिला व्यावसायिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाला आणि तिनं तो अक्षरशः पाळला.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण माणसं दुखावतात ती इथंच. वहिनीनं २६ जणांना २०० ग्रॅमची पाकिटं पाठवली. आठवडा झाल्यावर सगळ्यांना एकच मेसेज गेला : “पार्सल मिळून सात दिवस झाले, रील कधी टाकताय?” इचलकरंजीची एक मुलगी आहे, दोन-अडीच हजार फॉलोअर, घरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. तिनं उत्तरादाखल यूपीआयनं १५० रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, “काकू, मसाला छान आहे. पण मला वाटलं तुम्ही भेट दिलीय. हे पैसे घ्या.” वहिनीनं तो फोन माझ्यासमोर धरला. “भावजी, मी काय पैसे मागितले होते का हो?” नव्हते मागितले. पण जे मागितलं ते त्याहून महाग होतं.

तांबड्या रश्श्याची रील करायची तर अर्धा किलो मटण आणावं लागतं. मसाल्याच्या पाकिटापेक्षा मटणच महाग पडतं. मग स्वयंपाक, शूटिंग आणि रात्री बसून एडिटिंग. अख्खा दिवस जातो. हे काम आहे. अमुक दिवशी हवं, अमुक पदार्थ हवा, आमचं नाव दोनदा घ्या, असं एकदा सांगितलं की ती भेट राहत नाही, काम सांगणं होतं. आणि त्याचे पैसे आधी ठरवायचे असतात. एखादीनं घातलेला व्हिडिओ उचलून आपल्या पेजवर जाहिरातीसारखा वापरायचा असेल, तर त्यालाही वेगळं विचारावं लागतं. बंधन यायला आधी दोघांनी काहीतरी कबूल केलेलं असावं लागतं. त्या मुलीनं पत्ता दिला होता, शब्द दिला नव्हता. भेट घेतलेल्या माणसानं गप्प बसायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क आहे.

तिसरा मुद्दा साफ खोटा आहे, आणि त्यात पाठवणाराही अडकतो. भारतातल्या जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आहे, एएससीआय. इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठीचे तिचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. जाहिरातदाराशी असलेल्या संबंधात तिथं पैशांबरोबर फुकट मिळालेली वस्तूही धरली आहे. अट घालून दिलेली असो, बिनअट असो, किंवा न मागता घरी आलेली असो. मत अगदी प्रामाणिक असलं तरी वस्तू फुकट मिळाली हे सांगावंच लागतं. स्वतःच्या पैशानं घेऊन कौतुक केलं तरच ती जाहिरात धरत नाहीत. सांगायची जबाबदारी ज्याचा माल आहे त्याच्यावर आणि पोस्ट टाकणाऱ्यावर, दोघांवर आहे. ‘Free gift’ हे लेबल त्यांच्याच यादीत आहे; ते व्हिडिओच्या भाषेतही चालतं, फक्त बघणाऱ्याला सहज कळलं पाहिजे. हॅशटॅगच्या ढिगात तळाशी लपवलेलं चालत नाही. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर ते किमान तीन सेकंद दिसायला हवं. फुकट मिळालेली वस्तू जाहीर करावी लागते, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. वहिनीच्या मसाल्यावर दोन रील आल्या, तीन स्टोऱ्या आल्या. एकावरही लेबल नव्हतं, कारण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, कारण मेसेजमध्ये उलटं लिहिलेलं होतं.

चौथ्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही, वहिनीची वहीच मांडतो. मसाला १००, डबा-पॅकिंग २५, कुरिअर ६५, म्हणजे एका पाकिटाला १९० रुपये. २६ पाकिटांचे ४,९४०. दोन पार्सलं परत आली. पोस्ट पाच, त्यातल्या तीन स्टोऱ्या चोवीस तासांत गेल्या. “कुठं बघितलं?” असं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून लिहून ठेवलं, तर या पोस्टमधून नऊ ऑर्डर आल्या.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. त्या नऊपैकी सहा एकाच बाईंमुळे आल्या. कागलच्या, फॉलोअर जेमतेम हजार. पण बघणाऱ्या सगळ्या आसपासच्याच, ओळखीच्या, कमेंटमध्ये भाव विचारणाऱ्या. लहान खातं म्हणजे कमी उपयोगाचं असं नसतं, एवढं त्या मेसेजमध्ये खरं आहे. पण हे आकड्यावरून कळत नाही. खाली कमेंट कोण करतंय, प्रश्न काय विचारतंय, हे आठ-दहा पोस्ट वाचून बघावं लागतं.

राहिला पहिला मुद्दा. पत्ता मागतानाच सगळं सांगायचं, एवढाच बदल आम्ही केला. वहिनीनं १५० रुपये परत पाठवले, माफी मागितली, आणि महिन्यानं १२ जणांना हा मेसेज पाठवला :

“नमस्कार. मी कोल्हापुरात घरी कांदा-लसूण मसाला करते. तुमचे भाजी-आमटीचे व्हिडिओ बघते. २०० ग्रॅमचं एक पाकीट पाठवू का? मला सध्या पैसे देणं जमणार नाही, त्यामुळे पोस्ट टाकायलाच हवी असं अजिबात नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही. टाकलीत तर ‘भेट मिळाली आहे’ हे सुरुवातीलाच लिहा. आवडला नाही तर तसंही सांगा. मसाला झणझणीत आहे, त्यात तीळ आणि सुकं खोबरं आहे. हवा असेल तर पत्ता कळवा.”

तीळ-खोबऱ्याची ओळ मी आग्रहानं घालायला लावली. कुणाला काय सोसत नाही हे आपल्याला माहीत नसतं.

सात जणांनी हो म्हटलं. चौघांचं उत्तर आलं नाही. एकीनं सरळ सांगितलं, “ताई, मी एका रीलचे पंधराशे घेते.” वहिनीनं लिहिलं, यंदा जमणार नाही, दिवाळीला बघू. कुणालाच राग आला नाही. सात पाकिटांना १,३३० रुपये गेले. तिघींनी पोस्ट टाकली, तिन्हींवर भेट मिळाल्याचं लिहिलेलं होतं, ऑर्डर पाच आल्या. एकीनं पोस्ट टाकली नाही, पण खासगीत कळवलं की मीठ जास्त झालंय. वहिनीनं त्याच घाण्यातलं दुसरं पाकीट फोडून आमटी केली. मीठ खरंच जास्त होतं. उरलेल्या पाकिटांवर तिनं आता चिकटवलंय : “आधी मसाला घाला, मीठ चव बघून.”